बुटाच्या फोटोतला पसारा काढून त्याला स्टुडिओच्या पार्श्वभूमीवर टेकवायचं कसं?

दुकानाच्या काउंटरवर काढलेला बुटाचा फोटो कापून पांढऱ्यावर ठेवणं आता बहुतेकांना जमतं. तरी तो बूट हवेत तरंगल्यासारखा दिसतो. कापणी सुबक असते, रंग बरे असतात, पण बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. दहातल्या नऊ वेळा चूक सावलीत असते, आणि ती चूक फोटो काढतानाच झालेली असते. म्हणून या लेखात सावलीवर जास्त वेळ घालवला आहे.

उदाहरणासाठी माझ्याकडे आलेला एक फोटो घेतो. तपकिरी चामड्याचा, नाडीचा पुरुषी बूट, बाजूने टिपलेला. खाली काउंटरवर लाल रेक्झिन, मागे खोक्यांची चळत, टाचेवरून आडवी गेलेली किमतीच्या चिठ्ठीची दोरी, आणि वर दोन ट्यूबलाइट. काम GIMP मध्ये केलं आहे, कारण ते फुकट मिळतं. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मेनूची नावं बदलतील, क्रम तोच राहील. पुढे दिलेले पिक्सेलचे आकडे ३००० पिक्सेल रुंदीच्या फोटोसाठी आहेत. तुमचा फोटो १५०० चा असेल तर ते निम्मे करा.

## १. कॅमेरा हातात घेण्यापूर्वी

आधी वस्तू पुसा. सोलच्या कडेची धूळ उघड्या डोळ्यांना दिसत नाही, पण फोटो मोठा केला की तीच पहिली दिसते. फडक्याने दोन मिनिटांत निघणारी धूळ स्क्रीनवर काढायला अर्धा तास जातो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, म्हणजे चवड्यावरच्या सुरकुत्या निघतील. नाड्या सारख्या ताणून बांधा. बॅग असेल तर तीही आतून भरा. रिकामी बॅग मध्येच खचते आणि ती खाच नंतर कुठल्याही टूलने नीट भरून निघत नाही. किमतीची चिठ्ठी याच वेळी काढा. माझ्या फोटोत ती राहिली होती, त्याची किंमत पुढे तिसऱ्या टप्प्यात मोजावी लागली.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम: वस्तूच्या खाली एक पांढरा, मॅट कार्डशीट ठेवा. मागे खोकी असू देत, कपाट असू दे, ते कापून जाणारच आहे. खालचा कागद मात्र वस्तूची खरी सावली पकडून ठेवतो, आणि खरी सावली हाती असेल तर अर्धं काम झालं. शिवाय रंगीत पृष्ठभाग आपला रंग वस्तूवर उडवतो. लाल रेक्झिनवर ठेवलेल्या बुटाच्या सोलची कड लालसर होते आणि पार्श्वभूमी बदलली तरी तशीच राहते.

प्रकाश एकाच बाजूने येऊ द्या. दिवसा खिडकीजवळ ठेवा आणि वरचे दिवे बंद करा. दोन ट्यूबलाइट म्हणजे दोन सावल्या, आणि वर खिडकीचा उजेड मिसळला की दोन रंगांच्या सावल्या.

कॅमेरा पाच-सहा फूट लांब ठेवा आणि दोनपट झूम करा. अगदी जवळ जाऊन काढलं की बुटाचं टोक फुगतं आणि टाच आक्रसते. उंची सोलच्या थोडी वर, म्हणजे जमीन जराशी दिसेल इतकीच.

> तपासा: फोटो काढल्यावर लगेच मोठा करून सोल आणि कागद मिळतात ती रेघ बघा. तिथे गडद, बारीक सावली दिसते का? नसेल तर प्रकाश सगळीकडून येतोय. एखादा दिवा बंद करून पुन्हा काढा.

## २. प्रकाशाची दिशा लिहून ठेवा

फाइल उघडल्यावर लगेच `.xcf` म्हणून सेव्ह करा आणि लेयरची प्रत काढून मूळ लेयर लपवून ठेवा. त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

कापायला सुरुवात करण्यापूर्वी वस्तूवरची चमक कुठे आहे ते बघा. माझ्या बुटाच्या टोकावर डावीकडे वरच्या बाजूला पांढरी रेघ होती. म्हणजे प्रकाश डावीकडून, वरून. तर सावली उजवीकडे पडणार. एका रिकाम्या लेयरवर ब्रशने बाण काढून ठेवा. बालिश वाटेल, पण दीड तास काम केल्यावर ही दिशा विसरायला होते, आणि उजवीकडून उजळलेल्या बुटाची सावलीही उजवीकडेच पडलेली मी स्वतःच्या कामात पाहिली आहे.

## ३. पसारा: कुठला काढायचा, कुठला सोडायचा

इथे लोक तासन् तास वाया घालवतात. मागची खोकी, भिंतीवरचं कॅलेंडर, वायरी असं सगळं एक एक करून पुसत बसतात. हे सगळं पुढच्या टप्प्यात मास्कखाली जाणार आहे. ते पुसायची काहीच गरज नाही.

साफ करायच्या जागा तीनच. पहिली, वस्तूच्या अंगावर आलेला पसारा, जसं धागा, चिठ्ठीची दोरी, गोंदाचा डाग. दुसरी, खालच्या कागदाचा सावलीभोवतालचा भाग, कारण तो आपण ठेवणार आहोत. तिसरी जागा सहसा सुटते: चकचकीत चामड्यात किंवा बॅगेच्या बकलात पडलेलं पसाऱ्याचं प्रतिबिंब.

धूळ आणि डागांसाठी Heal टूल (`H`) घ्या. `Ctrl` दाबून जवळच्या स्वच्छ जागेवर क्लिक करा, मग डागावर फिरवा. टाचेवरच्या दोरीसाठी मात्र ते चाललं नाही. दोरी शिवणीवरून गेली होती आणि Heal ने शिवणीचे टाके पुसट करून टाकले. तिथे Clone (`C`) घेतलं आणि त्याच शिवणीवर पुढे असलेल्या एका टाक्याच्या मधोमध `Ctrl` क्लिक केलं. मग झाकलेल्या टाक्याच्या मधोमधपासून रंगवायला सुरुवात केली. टाक्यावर टाका बसला की जोड दिसत नाही. अर्ध्या टाक्याने चुकलं तर डोळा तिथेच अडकतो.

प्रतिबिंबात खोक्याचा रंग दिसत असेल तर चमक पुसू नका, फक्त तिचा रंग काढा. नवा लेयर, मोड `HSL Color`, आणि शेजारच्या चामड्याचा रंग उचलून मऊ ब्रशने हलकेच फिरवा. चमक गेली की चामडं प्लास्टिकसारखं दिसतं.

> सावधान: वस्तू विकायची असेल तर धूळ पुसा, दोष पुसू नका. चामड्यावरचा ओरखडा खरा असेल तर तो फोटोत राहिलाच पाहिजे. नाहीतर माल परत येतो.

## ४. कापणी

बूट आणि बॅग या दोन्हींना कडक कडा असतात, म्हणून Paths टूल (`B`) सर्वांत भरवशाचं. जादूची कांडी, म्हणजे Fuzzy Select टूल, पांढऱ्या सोलजवळ हमखास फसते, कारण पांढरं सोल आणि पांढरा कागद यांतला फरक तिला कळत नाही.

फोटो २००% मोठा करा. बिंदू कडेवर ठेवू नका, कडेच्या एक-दोन पिक्सेल आत ठेवा. वळणावर बिंदू दाबून ओढला की रेघ वाकते. बिंदू जितके कमी, तितकी रेघ गुळगुळीत. माझ्या बुटाला ४० च्या आसपास बिंदू पुरले. पहिल्या पहिल्या कामांत मी दीडशे घालायचो आणि बुटाची कड कुरतडल्यासारखी दिसायची.

सोलच्या खालच्या रेघेत बहुतेक जण चुकतात. ती पट्टीने आखल्यासारखी सरळ कापू नका. बाजूने बघा: बूट टाचेवर टेकतो, मधे कमानीपाशी उचललेला असतो, चवड्यावर पुन्हा टेकतो आणि टोकाला परत थोडा वर उचलतो. ही नागमोड जपली नाही तर पुढे कितीही छान सावली काढा, बूट विटेसारखा दिसेल.

रेघ पूर्ण झाली की `Enter` दाबा, निवड तयार होते. मग `Select > Feather` मध्ये १ पिक्सेल द्या. त्यानंतर `Layer > Mask` मधून लेयर मास्क जोडताना `Selection` हा पर्याय निवडा. खोडरबराने पार्श्वभूमी पुसू नका. मास्कवर काळं केलेलं लपतं आणि पांढरं केलेलं दिसतं, म्हणून चुकलेलं परत आणता येतं.

आता भोकं. नाड्यांच्या फासातून, बॅगेच्या हँडलमधून, बकलाच्या आतून मागचा पसारा अजून डोकावत असतो. Free Select टूलने तेवढाच भाग निवडा आणि मास्कवर काळा भरा. शेवटी `Ctrl+Shift+A` दाबून निवड काढून टाका, नाहीतर पुढचा ब्रश तिच्या बाहेर चालणार नाही.

> तपासा: खाली भडक हिरवा लेयर भरून कडेने एक फेरी मारा, मग तोच लेयर गडद राखाडी करून दुसरी फेरी मारा. कुठे जुन्या पार्श्वभूमीची पातळ झालर दिसली तर मास्कवर लहान काळ्या ब्रशने तेवढीच खरवडा. पांढऱ्यावर ही झालर लपते आणि जाहिरातीत रंगीत पट्टीवर बूट ठेवला की उघडी पडते.

## ५. पार्श्वभूमी

स्टुडिओत कागदाचा मोठा रोल भिंतीवरून खाली वळवून जमिनीवर आणतात. त्यामुळे भिंत आणि जमीन यांच्यात रेघ नसते, पण उजेडाचा फरक असतो. एकाच सपाट रंगाचा लेयर म्हणूनच खोटा वाटतो. अगदी फिकट राखाडी घ्या, RGB तिन्ही २४० च्या आसपास. वस्तूच्या मागे मध्यभागी २४८ आणि कोपऱ्यांकडे २३० असा गोल ग्रेडियंट द्या. एवढा फरक पुरतो. ग्रेडियंट टूलच्या पर्यायांत `Dithering` चालू ठेवा, नाहीतर फिकट छटांमध्ये पट्टे दिसतात.

ऑनलाइन बाजारात मुख्य फोटोला अनेकदा शुद्ध पांढरं, म्हणजे २५५, २५५, २५५ लागतं. अॅमेझॉनचा नियम तसा आहे आणि वस्तूने चौकटीचा ८५% भाग व्यापावा असंही ते सांगतात. तिथे ग्रेडियंट विसरा, आणि सावली चौकटीच्या कडेला पोचण्याआधी पूर्ण विरली पाहिजे एवढं बघा.

## ६. सावली: खरी हाती असेल तर

कागद खाली ठेवला होता तर हा मार्ग घ्या. मूळ फोटोच्या लेयरची प्रत पार्श्वभूमीच्या वर आणि कापलेल्या बुटाच्या खाली ठेवा. `Colors > Desaturate` ने रंग काढा. लेयरचा मोड `Multiply` करा. आता `Colors > Levels` मध्ये पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवत न्या. कागद हळूहळू उजळत जाईल आणि तो २५५ ला पोचला की नाहीसा होईल, कारण Multiply मध्ये पांढरं काहीच करत नाही. उरेल ती सावली. जास्त ओढलं तर तिची मऊ कड तुटते, म्हणून कागद जेमतेम नाहीसा झाला की थांबा.

आता या लेयरला काळा मास्क जोडा आणि फक्त जमिनीवरची सावली मोठ्या मऊ पांढऱ्या ब्रशने परत आणा. वरच्या भागात ब्रश नेऊ नका. आपण बूट एक-दोन पिक्सेल आतून कापला होता. खालच्या लेयरमध्ये मूळ बूट तसाच आहे, त्यामुळे त्याची कड बाहेर डोकावते आणि बुटाभोवती पेन्सिलने रेघ मारल्यासारखं दिसतं. ही रेघ दिसली की लोक कापणीला दोष देतात आणि पुन्हा कापत बसतात. कापणी बरोबर असते, सावलीचा मास्क जास्त उघडलेला असतो.

## ७. सावली: काढावी लागली तर

माझ्या फोटोत लाल रेक्झिन होतं, म्हणजे खरी सावली वापरण्याजोगी नव्हती. मग ती घडवावी लागते. तयार `Drop Shadow` फिल्टर इथे कामाचा नाही. तो वस्तूच्या आकाराचीच सावली मागे सरकवतो, जणू बूट भिंतीला चिकटवला आहे. जमिनीवर उभ्या वस्तूची सावली जमिनीवर आडवी पसरते.

सावली मऊ का होते हे एकदा समजलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. सोल जिथे जमिनीला टेकतो तिथल्या फटीत खिडकीचा उजेड शिरतच नाही, म्हणून ती जागा गडद आणि कड धारदार. थोडं लांब गेलं की त्या जागेला अर्धी खिडकी दिसते, म्हणून सावली फिकट आणि मऊ. आणखी लांब जवळजवळ पूर्ण खिडकी दिसते, म्हणून सावली विरून जाते. तर एकच सावली टेकण्यापासून लांब जाताना बदलत जाते. ती आपण तीन लेयरमध्ये बांधतो. तिन्ही `Multiply`, तिन्ही बुटाच्या खाली.

टेकती सावली. जिथे बूट खरोखर टेकतो तिथेच, म्हणजे टाचेखाली आणि चवड्याखाली. ८–१० पिक्सेलच्या ब्रशने सोलच्या कडेला चिकटून रेघ काढा. `Filters > Blur > Gaussian Blur` मध्ये ३–४, अपारदर्शकता ८०%. कमानीखाली आणि टोकाखाली ही रेघ नेऊ नका. मी या बुटाला पहिल्यांदा टाचेपासून टोकापर्यंत सलग रेघ मारली आणि बूट चिखलात रुतल्यासारखा दिसला. कोल्हापुरीसारख्या सपाट तळाच्या चपलेला मात्र ही रेघ जवळजवळ सलगच लागते. बॅगेच्या तळाला धातूची बटणं असतील तर टेकण फक्त त्या बटणांखाली.

लगतची सावली. सोलच्या लांबीचा चपटा आकार, कमानीखालचा भाग धरून, उजवीकडे म्हणजे प्रकाशाच्या विरुद्ध बाजूला थोडा जास्त. ब्लर २५–३०, अपारदर्शकता ४०%.

पसरती सावली. त्याहून मोठा चपटा आकार, बराचसा उजवीकडे. ब्लर १२०–१५०, अपारदर्शकता १५%. ब्लर केल्यावर ती डावीकडेही फुगते. तिथे मास्कने कमी करा, प्रकाशाच्या बाजूला एवढी सावली पडत नाही.

शुद्ध काळा वापरू नका. वस्तूच्या सर्वांत गडद भागातून रंग उचला, तो आणखी गडद करा आणि त्यानेच रंगवा. तपकिरी बुटाखाली गडद तपकिरी-राखाडी सावली सहज खपते.

बॅगेचा पट्टा जमिनीवर पसरलेला असेल तर त्यालाही स्वतःची टेकती सावली लागते. बॅगेखाली सुंदर सावली आणि पट्टा मात्र हवेत, हे फार वेळा दिसतं. जोडीतल्या एका बुटाची सावली दुसऱ्यावर पडली असेल तर ती मूळ फोटोतच असते, तिला धक्का लावू नका. आणि दोन वेगळ्या फोटोंतले बूट एकत्र ठेवायचे असतील तर दोघांवरची चमक एकाच बाजूला आहे ना, हे आधी बघा. नसेल तर तो बेत सोडून द्या.

> तपासा: टेकती सावली लपवा, दाखवा, लपवा. लपवल्यावर बूट वर उडाल्यासारखा वाटला तर ती बरोबर जागी आहे. काहीच फरक वाटला नाही तर ती सोलच्या मागे दडली आहे, दोन-तीन पिक्सेल खाली आणा.

## ८. बूट नव्या जागेचा वाटू द्या

लाल रेक्झिनची लाली सोलवर अजून आहे. बुटाच्या लेयरवर `Layer > Mask > Mask to Selection` करा, म्हणजे ब्रश बाहेर जाणार नाही. वर नवा लेयर, मोड `HSL Color`, सोलच्या वरच्या भागाचा रंग उचला आणि खालच्या कडेवर ३०% ने फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत लाली जाते.

दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे. फिकट जमीन प्रकाश वर परतवते, त्यामुळे तिच्यावर ठेवलेल्या बुटाचा खालचा भाग किंचित उजळतो. गडद काउंटरवर काढलेल्या बुटात हा उजेड नसतो, म्हणून पांढऱ्यावर तो खालून जड, काळवंडलेला दिसतो. बुटाच्या लेयरवर परत येऊन Dodge टूल मोठ्या मऊ ब्रशने, अगदी कमी जोराने, टाचेच्या आणि टोकाच्या खालच्या भागावरून एकदा फिरवा. चमकदार चामड्यावर हा बदल जास्त करावा लागतो, सुएडवर जवळजवळ नाही.

## ९. पाठवण्यापूर्वी

आधी `Ctrl+Shift+A` ने निवड काढून टाका. मग सगळ्यात वर `Layer > New from Visible` ने एकत्र प्रत तयार करा आणि तिच्यावर Levels चा मधला त्रिकोण उजवीकडे ओढून चित्र मुद्दाम गडद करा. अर्धवट पुसलेला कागद, सावलीचा तुटलेला काठ, मास्कमधून सुटलेला खोक्याचा कोपरा, असं पांढऱ्यात लपलेलं सगळं आता डागासारखं वर येतं. माझ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात रेक्झिनचा एक फिकट पट्टा निघाला, जो तोपर्यंत मला दिसलाच नव्हता. सापडलेलं दुरुस्त करा आणि ही तपासणीची प्रत काढून टाका.

मग चित्र आडवं उलटवून बघा. सरावलेला डोळा ताजा होतो आणि वाकडा बूट लगेच कळतो. शेवटी ते पुन्हा सरळ करा आणि झूम इतका कमी करा की बूट अंगठ्याच्या नखाएवढा दिसेल. ग्राहक मोबाइलवर तो बहुधा तेवढाच बघणार आहे. त्या आकारातही टाच आणि चवडा जमिनीला टेकलेले दिसले पाहिजेत. टेकती सावली फारच बारीक असेल तर इथे ती गायब होते. मग मागे जाऊन ती दोन पिक्सेल जाड करा.

`File > Export As` मधून JPEG, दर्जा ९०. `.xcf` जपून ठेवा. त्याच शेल्फावरचा काळा बूट उद्या आला आणि तो त्याच कोनातून, त्याच उजेडात काढलेला असेल, तर पार्श्वभूमी आणि दोन मऊ सावल्या तशाच वापरता येतात. टेकती सावली मात्र प्रत्येक बुटासाठी नव्याने काढावी लागते, कारण एकाच मापाच्या दोन बुटांची टाचसुद्धा सारखी टेकत नाही.